चारशे रुपये जादा

सकाळी ७

अमरावतीहून अकोल्याची एसटी पकडली तेव्हा पिशवीत डबा, चष्म्याचं घर आणि एका कॅशियरचा वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म होता. मी एका सहकारी बँकेचा तपासनीस. शाखांची दप्तरं तपासायची हे माझं मूळ काम. कॅशियरचं मूल्यमापन मॅनेजरच्या जोडीने करायचं हे गेल्या काही वर्षांत मागे लागलेलं. फॉर्मवर चार रकाने आहेत: अचूकता, ग्राहकांशी वागणूक, रांग सांभाळणं आणि रोख शिस्त. प्रत्येकाला पंचवीस गुण. मॅनेजरसाहेबांनी पेन्सिलने आपले आकडे आधीच टाकले होते आणि खाली शेरा लिहून त्यावर दोन रेघा मारल्या होत्या: ‘वर्षभरात रोखीत एकदाही फरक नाही.’

तो शेरा वाचून मी खूश व्हायला हवं होतं. झालो नाही. तरुणपणी मीही अमरावतीत गल्ल्यावर बसलो आहे, आणि माझाही वर्षभर फरक येत नसे. कारण माझ्या ड्रॉवरच्या मागच्या कोपऱ्यात एक तंबाखूची रिकामी डबी होती. संध्याकाळी वीस रुपये जादा आले की ते डबीत जायचे, पंधरा कमी पडले की डबीतून निघायचे. वहीत रोज शून्य. एक दिवस आमच्या हेडकॅशियर काकांनी ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला, डबी उघडली, टेबलावर उपडी केली आणि एवढंच म्हणाले, ‘‘हे कोणाचे?’’ मला एकाचंही नाव सांगता आलं नाही.

दिवसाला दोनशे-अडीचशे व्यवहार हाताने करणाऱ्या माणसाची कधीतरी चूक होतेच. वहीत ती एकदाही दिसत नसेल, तर ती कुठे जाते हे पाहावं लागतं. बस बडनेरा, मूर्तिजापूर करत निघाली. रस्ता आता गुळगुळीत आहे. याच अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीजचा विक्रम केला होता. त्याआधीच्या खड्ड्यांत फॉर्म वाचणं शक्य नव्हतं.

९:४५

तिजोरीची खोली दोन किल्ल्यांनी उघडते. एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. एकट्याने कोणालाही उघडता येऊ नये ही त्यामागची व्यवस्था. कॅशियर मॅडम पस्तिशीच्या, बोलायला मोजक्या. पहिल्यांदा त्यांनी खाजगी रोख नोंदवहीत स्वतःच्या पर्समधली रक्कम लिहिली: ३४० रुपये. ही वही अनेकांना अपमानास्पद वाटते. खरं तर ती कॅशियरच्याच बाजूची आहे, कारण दुपारी गल्ल्यात पाचशे कमी आले आणि पर्समध्ये पाचशेची नोट दिसली, तर सकाळची नोंद सोडून दुसरा साक्षीदार नसतो.

मग त्यांनी दिवसाची सुरुवातीची रोख घेतली, चार लाख. इथे मी जरा पुढे सरकलो. काल स्वतःच बांधलेल्या, स्वतःच्या सहीच्या पट्टीच्या गड्ड्या आहेत. बहुतेक जण शंभर नोटांची गड्डी तशीच धरून सही करतात. मॅडमनी प्रत्येक गड्डीची पट्टी काढून ती यंत्रातून घेतली. एका गड्डीत ९९ आले. पुन्हा लावली, १०० आले. दोन नोटा चिकटल्या होत्या. तिसऱ्यांदा लावली, पुन्हा १००, तेव्हा पट्टी लावली. त्यांना मी तिथे आहे हे माहीत होतं, म्हणून याचे गुण मी मनातल्या मनात अर्धेच धरले. पण हाताची सवय नाटकाने येत नाही. पट्टी एका बोटाने सरकवून काढण्याची ती लकब रोजचीच होती.

१०:३०

दार उघडलं. मी बाकावर ग्राहकांत जाऊन बसलो. मॅडम सव्वादहालाच जागेवर होत्या. कामाच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी कर्मचारी जागेवर असावा, ही शिफारस रिझर्व्ह बँकेने १९९० साली नेमलेल्या गोईपोरिया समितीची आहे. अजून ती सगळीकडे पोचायची आहे.

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे गर्दीचा महिना. पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, सोयाबीनचा चुकारा आणि कापूस वेचणीची मजुरी, हे तिन्ही एकाच खिडकीसमोर येतात. पहिल्याच शेतकऱ्याने स्लिप सरकवली. ‘‘मॅडम, पाचशाच्या नका देऊ बाप्पा, सुटे द्या. वेचणाऱ्या बायायले मजुरी द्या लागते.’’

‘‘किती काढायचे, काका?’’

‘‘बारा हजार.’’

हा प्रश्न वरून साधा दिसतो. स्लिपवर १२,००० लिहिलेलं त्यांना दिसतच होतं. पण ‘तुमचे बारा हजार ना?’ असं विचारणारा कॅशियर आणि ‘किती?’ असं विचारणारा कॅशियर यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रश्नाला समोरचा कोणीही मान डोलावतो, रांगेत चुकून पुढे आलेला, कमी ऐकू येणारा, दुसऱ्याचं टोकन हातात असलेलासुद्धा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याचे पैसे आहेत तोच देतो. चुकीच्या माणसाला पैसे दिले जातात ते बहुधा या एका प्रश्नावर.

मग दुसरी गोष्ट. देताना आधी संगणकात नोंद, मग पैसा; घेताना आधी पैसा मोजायचा, मग नोंद. जुन्या कॅशियरांनी हा क्रम आमच्या डोक्यात ठोकून बसवला होता. मॅडमनी नोंद केली, स्लिपच्या मागे कोणत्या नोटा किती दिल्या ते लिहिलं, नोटा दिल्या आणि म्हणाल्या, ‘‘इथेच मोजून घ्या, काका. मागचे थांबतील.’’ काकांनी बोटाला थुंकी लावून सावकाश मोजलं. मागचे थांबले.

११:४०

कापसाचा चुकारा भरायला आलेला एक तरुण. स्लिपवर ४८,५००. (पन्नास हजारांवर गेलं की पॅन लागतो, त्यामुळे अशा रकमा आमच्याकडे फार दिसतात. त्याच दिवशी त्याच खात्यात दुसरी स्लिप येते का, हेही कॅशियरने बघायचं असतं.) यंत्र एका पाचशेवर अडलं.

मॅडमनी ती नोट वेगळी काढली, पण हातात उंच धरून पाहिली नाही, की शेजारच्या काउंटरला हाक मारली नाही. आधी तिरपी केली. खऱ्या नोटेतला सुरक्षाधागा तिरपा केला की हिरव्याचा निळा होतो. हिचा हिरवाच राहिला. मग डाव्या-उजव्या कडेच्या पाच-पाच तिरक्या रेघांवरून अंगठा फिरवला. त्या बोटाला लागायला हव्यात, सपाट होत्या. एवढं झाल्यावर त्या खिडकीकडे झुकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘दादा, ही एक नोट बरोबर नाही. मला ती परत देता येणार नाही.’’

‘‘खोटी कायची? काल अडत्यानं चुकाऱ्यात देल्ली! वापस द्या, त्याच्या तोंडावर फेकतो.’’

इथे अर्धे कॅशियर नापास होतात. काही जण दयेने नोट परत करतात, ‘जिथून आणली तिथे दे’ म्हणून. ते सरळ नियमाविरुद्ध आहे. एकदा गल्ल्यात आलेली संशयित नोट पुन्हा बाहेर जाऊ द्यायची नसते. काही जण उलट एवढा आरडाओरडा करतात, की सगळी रांग त्या पोराकडे चोर म्हणून बघायला लागते. मॅडमनी नोटेवर बनावट नोटेचा शिक्का मारला, नोंदवहीत क्रमांक घेतला आणि त्याला छापील पोच दिली. एका व्यवहारात चारपर्यंत अशा नोटा आल्या तर महिनाअखेरीला पोलिसांकडे एकत्र अहवाल जातो. पाच किंवा जास्त आल्या तर लगेच गुन्हा नोंदवण्यासाठी पाठवायच्या. इथे एकच होती. ‘‘तुमच्यावर काही येत नाही. ही पोच अडत्याला दाखवा,’’ असं त्यांनी सांगितलं आणि ४८,००० ची नवी स्लिप त्याच्याकडून लिहून घेतली. सहा मिनिटं गेली. वागणुकीच्या रकान्यात मी तेव्हाच बावीस लिहून टाकले.

१२:५०

एका पेट्रोल पंपाचा माणूस पिशवी घेऊन आला. नऊ लाखांच्या आसपास, पाचशे, दोनशे, शंभर सगळं एकत्र. ठेवीदाराच्या समोरच मोजायचं हा नियम, म्हणजे पिशवी ठेवून जा असं म्हणता येत नाही. नुसत्या पाचशेच्या असत्या तरी १८ गड्ड्या, आणि एक गड्डी दोनदा यंत्रातून काढून, फाटक्या-मळक्या वेगळ्या करून, पट्टी लावेपर्यंत मिनिट जातंच. मिसळलेल्या नोटांना अर्धा तास. बाकावर तेव्हा चौदा जण होते, त्यांपैकी तिघं हयातीच्या दाखल्यासाठी आलेले आणि एक आजी काठी टेकून उभ्या.

‘‘अडीचला या किंवा बसा, आधी एवढे काढते,’’ असं मॅडम म्हणाल्या आणि आजींना पुढे बोलावलं. सत्तरीवरच्या ग्राहकांना प्राधान्य द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे, पण रांगेला ते सांगायला तोंड लागतं. पंपवाला काचेच्या केबिनकडे वळला. दोन मिनिटांनी मॅनेजरसाहेब बाहेर येऊन मॅडमना खुणेने म्हणाले, याचं घ्या.

मला रांग सांभाळण्याचे गुण द्यायचे होते, आणि रांग नेमकी इथेच बिघडली. दुसरी रोख खिडकी होती, तिच्यावर बसणारा रजेवर होता. चौकशीच्या टेबलावरचा मुलगा दाखल्यांचे फॉर्म भरून घेण्यात बुडालेला. त्याने बाकावरच्या लोकांना काढणारे आणि भरणारे असं वेगळं बसवलं असतं तरी निम्मं काम झालं असतं. खिडक्या किती उघडायच्या आणि मोठा भरणा कोणत्या वेळेला बोलवायचा हे कॅशियर ठरवत नाही. मी फॉर्मच्या त्या रकान्याशेजारी मॅनेजरचं पद लिहून ठेवलं.

१:१०

आता मॅडमचा एक हात पंपाच्या नोटांवर, एक छोट्या स्लिपांवर. ज्यांचे पैसे भरून घेतले अशा तीन स्लिपा त्यांनी नोंद न करता काचेखाली सरकवल्या, ‘नंतर एकदम टाकते’ म्हणून. पैसा घेतला, नोंद बाकी. मी घड्याळात पाहून वेळ टिपली. आणि आणखी एक गोष्ट टिपली: ‘मोजून घ्या’ हे वाक्य दहा मिनिटांपासून बंद झालं होतं. लोक नोटा घेऊन तसेच बाजूला होत होते, कारण मागचा माणूस खांद्यावरून हात पुढे घालत होता.

२:१५

जेवणाची सुट्टी. ड्रॉवर बंद, संगणकातून बाहेर, किल्ली स्वतःजवळ. त्या तीन स्लिपा जेवणाआधी नोंदवल्या गेल्या. डब्यात भाकर आणि तुरीच्या शेंगांची आमटी. मी माझा डबा उघडला आणि विषय काढला नाही.

४:४५

खिडकी बंद झाली, वेळेआधी आत आलेल्या शेवटच्या माणसाचं काम झाल्यावर. आता मेळ. सकाळची रोख चार लाख, दिवसभराची जमा १३,६२,५००, दिलेले ७,१८,१००. म्हणजे हातात हवेत १०,४४,४००. मोजले तर निघाले १०,४४,८००.

चारशे जादा.

मॅडमनी दुसऱ्यांदा मोजलं. तेच. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही, मॅनेजरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘साहेब, चारशे जास्त आहेत.’’ मॅनेजरसाहेबांचा चेहरा उतरला. वर्षभर शून्य आणि आज, तपासनिसासमोर. त्यांनी मला चहा विचारला.

मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. चारशे रुपये पर्समध्ये टाकणं अवघड नव्हतं, डबीत टाकणं तर अजून सोपं. सकाळी ३४० लिहिलेली पर्स त्यांनी आपणहून उघडून टेबलावर ठेवली.

फरक बघून चूक कुठली याचा अंदाज बांधता येतो. फरकाला नऊने भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेले असतात, ५,४०० ऐवजी ४,५०० नोंदवलं तर फरक ९००. फरक एखाद्या स्लिपच्या बरोबर दुप्पट असेल तर जमा नावे किंवा नावे जमा झालं आहे. आणि फरक चारशे असेल तर पहिला संशय एकच: पाचशे आणि शंभर यांची अदलाबदल. चारशे जादा, म्हणजे कोणाला तरी पाचशेच्या जागी शंभर गेले.

आता स्लिपांच्या मागच्या नोंदी कामाला आल्या. सकाळच्या नोटा, आलेल्या नोटा, गेलेल्या नोटा असा मूल्यवार हिशोब मांडला. पाचशेची एक नोट जास्त, शंभरची एक कमी. बरोबर बसलं. कुठल्या स्लिपमध्ये ते मात्र यावरून कळत नाही. पाचशे आणि शंभर दोन्ही दिलेल्या सुट्या रकमांच्या स्लिपा अकरा होत्या. त्यांपैकी चार एक वाजल्यानंतरच्या. कॅमेऱ्यात त्या चारच पाहिल्या.

१:१७. बचत गटाच्या एक बाई, ७,६००. स्लिपच्या मागे पाचशेच्या पंधरा, शंभरची एक. पंपाच्या नोटा लावता लावता शंभरची एक नोट पाचशेच्या कप्प्यात पडली असावी. यंत्रावर पंधरा आकडा आला आणि मॅडमनी वर एक शंभर ठेवून दिली. सोळा तुकडे, बरोबर. पण त्या वेळी यंत्र नुसतं मोजण्यावर होतं, मूल्य ओळखण्यावर नव्हतं. पंपाच्या गड्ड्यांची घाई म्हणून बदललं होतं आणि परत फिरवायचं राहिलं. तशा स्थितीत यंत्र तुकडे मोजतं, रुपये मोजत नाही. बाईंना गेले चौदा पाचशे आणि दोन शंभर, म्हणजे ७,२००. चित्र स्पष्ट नव्हतं, पण बाई नोटा पदराखाली घेताना गठ्ठ्याच्या मधोमध शंभरची जांभळट कड एक क्षण दिसते.

५:५०

चित्रावरून पैसे देता येत नाहीत. चारशे रुपये ‘जादा रोख’ खात्यात त्याच दिवशी जमा केले, नोंदवहीत मॅडमची आणि मॅनेजरची सही. मग बाईंना फोन लावला, आणि रक्कम न सांगता विचारलं, आज किती नेले, घरी किती निघाले?

‘‘दोनशे रुपये शंभराचे होते, बाकी पाचशाचे. चारशे कमी भरले, बाई. मले वाटलं माह्याच हातून पडले ऑटोत. आता गटातल्या बायायले काय सांगू म्हनून बसली होती.’’

६:२०

फॉर्म. मॅनेजरसाहेबांचं म्हणणं सरळ होतं: अचूकतेतून पाच कापा, रोख शिस्तीतूनही पाच कापा, कारण फरक आला. अचूकतेतून मी पाच नाही, सात कापले. यंत्र कोणत्या स्थितीत आहे हे न पाहता नोटा देणं ही चूक आहे, आणि गर्दी हे तिचं कारण असलं तरी माफी नाही. वागणुकीत सकाळी लिहिलेले बावीस खोडून वीस केले. एकनंतर ‘मोजून घ्या’ बंद झालं नसतं, तर तो फरक खिडकीसमोरच मिटला असता. रांगेचे गुण मी अठरा दिले आणि खाली लिहिलं, की दुसरी खिडकी बंद असताना मोठा भरणा पुढे घेण्याचा निर्णय कॅशियरचा नव्हता. साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

रोख शिस्तीत वाद झाला. नोंद न करता ठेवलेल्या तीन स्लिपांचे मी दोन गुण कापले. हे दुसरं कोणी पाहिलं नव्हतं. राहिले तेवीस. ‘‘फरक आलेल्या दिवशी तेवीस?’’ साहेब म्हणाले. मी म्हटलं, फरक आला म्हणून नव्हे, तो वहीत आला म्हणून. आणि तुमचा पेन्सिलचा शेरा खोडा, आता तो खराही नाही आणि कामाचाही नाही. मग मॅडमना बोलावून चारही आकडे आणि कापाकापीची कारणं समोर वाचून दाखवली. न दाखवता सही घेतलेला फॉर्म मी पुढे पाठवत नाही. त्यांनी तीन स्लिपांच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘‘हे तुम्ही कधी पाहिलं, सर?’’

‘‘एक वाजून दहा मिनिटांनी.’’

त्यांनी सही केली. चारशेबद्दल काही बोलल्या नाहीत. ड्रॉवर मी पूर्ण बाहेर ओढून पाहिला होता. मागच्या कोपऱ्यात रबराचे बॅंड आणि एक पेनाचं टोपण होतं.

७:१५

परतीची बस. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास शाखेतून फोन आला. बाई येऊन गेल्या, व्हाउचरवर सही करून चारशे घेतले, आणि खिडकीसमोरच उभं राहून शंभराच्या चार नोटा दोनदा मोजल्या.